दर एप्रिल-मेमध्ये गिअर जड, न्यूट्रल सापडत नाही: ऑइलचा ग्रेड बदलायचा की नाही, कसं ठरवायचं

लक्षणं अशी असतात. सकाळी गाडी ठीक चालते. दुपारी अर्धा-पाऊण तास चालवली की गिअर खटकन पडायला लागतात, सिग्नलला किंवा फाटकाजवळ थांबलं की न्यूट्रल लागत नाही, वरून टॅपेटचा आवाज वाढतो आणि इंजिनला हात लावून बघायची हिंमत होत नाही. मग गॅरेजमध्ये ठरलेला सल्ला मिळतो: "उन्हायामा जाड ऑइल टाक, भाऊ." दहाडब्ल्यू-तीस काढून वीसडब्ल्यू-पन्नास ओतलं जातं. आवाज थोडा कमी होतो, चार-सहा आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच. शिवाय अॅव्हरेज उतरतं, आणि डिसेंबरात धुळ्या-साक्रीकडच्या थंडीत सकाळी किक जड लागते ती वेगळीच.

खाली मांडलेला क्रम या एकाच तक्रारीसाठी आहे. गाडी कोणतीही असो, चार गोष्टी ओळीने तपासायच्या: मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय, गाडीत सध्या काय आहे आणि किती आहे, खानदेशातल्या उन्हाने नक्की किती फरक पडतो, आणि शेवटी बाटली. ब्रँडचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, पण चर्चा मात्र नेहमी तिथूनच सुरू होते.

मॅन्युअलमधली ओळ पूर्ण वाचा

मॅन्युअलमध्ये शेवटी तांत्रिक माहितीचं पान असतं आणि मध्ये देखभालीचं प्रकरण. ऑइलचा उल्लेख दोन्हीकडे सापडेल. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात आणि तिन्ही जुळायला हव्यात. उदाहरणार्थ, हिरोच्या शंभर सीसी कम्युटर गाड्यांना "एसएई १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएल, जासो एमए" या धाटणीचं ऑइल सांगितलेलं असतं. बजाजच्या पल्सरला बराच काळ २०डब्ल्यू-५० सांगितलं गेलंय. रॉयल एनफिल्डच्या ३५० ला १५डब्ल्यू-५०. म्हणजे "खानदेशात कोणतं ऑइल चांगलं" या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण ही तिन्ही इंजिनं भुसावळच्या एकाच रस्त्यावर, एकाच उन्हात चालतात आणि तरी तिघांचे ग्रेड वेगळे आहेत. बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद, तेलाच्या वाटांची जाडी हे सगळं धरून कंपनीने तो आकडा लिहिलेला असतो.

पहिली गोष्ट एसएई, म्हणजे तेलाचा दाटपणा. १०डब्ल्यू-३० मधला "डब्ल्यू"सकटचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. त्यामागचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना तेल किती दाट राहतं त्याचा. दाटपणा सेंटीस्टोकमध्ये मोजतात. तीस ग्रेडचं तेल १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या दरम्यान असावं लागतं, चाळीस ग्रेडचं १२.५ ते १६.३, आणि पन्नासचं १६.३ ते २१.९. हे तीन पट्टे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसरी गोष्ट एपीआय, म्हणजे गुणवत्तेची पायरी. एसएल २००१ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. मॅन्युअलमध्ये एसएल लिहिलं असेल आणि बाटलीवर एसएन असेल तर चालतं. उलटं चालत नाही.

तिसरी गोष्ट जासो, आणि लोक तीच वगळतात. मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच तेलात बसलेले असतात. क्लच प्लेटांना घर्षण हवं असतं, इंजिनला नको असतं. दोघांचं भागेल असं तेल म्हणजे एमए. त्यातच घर्षणाच्या मोजणीवरून एमए१ आणि एमए२ असे दोन भाग आहेत, एमए२ ची पकड जास्त. मॅन्युअलमध्ये नुसतं एमए असेल तर एमए२ बिनधास्त चालतं. एमबी हे मुद्दाम घर्षण कमी ठेवलेलं तेल, जिथे क्लच तेलात बुडालेला नसतो अशा स्कूटरसाठी. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलनेच एमबी लिहिलं असेल तर प्रश्न नाही. पण लिहिलेलं नसताना घरातल्या स्कूटरची उरलेली बाटली मोटारसायकलमध्ये रिकामी करू नका.

आता मॅन्युअलमधला तक्ता. काही मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड लिहिलेला असतो. काहींत खाली तापमानाची पट्टी आणि तिच्यावर वेगवेगळ्या ग्रेडच्या आडव्या रेघा असतात, कोणता ग्रेड किती अंशांपासून किती अंशांपर्यंत चालेल हे दाखवणाऱ्या. तिथे आपलं बोट ४० अंशांच्या पुढे ठेवायचं आणि त्या जागेवरून जाणाऱ्या रेघा कोणत्या ते बघायचं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४४-४५ अंश ही बातमीही राहिलेली नाही. तक्त्यात ज्या ग्रेडची रेघ ४० च्या आतच थांबते तो आपल्याकडे एप्रिल ते जून नको. ज्याच्या रेघेला शेवटी बाण आहे, म्हणजे वरची मर्यादा नाही, तो वर्षभर चालेल. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेक मॉडेलचं पीडीएफ मिळतं. वर्ष आणि मॉडेल नीट जुळवा, कारण बीएस-४ आणि बीएस-६ मध्ये एकाच नावाच्या गाडीचा ग्रेड बदललेला असू शकतो.

ग्रेडला हात लावण्याआधी

जड गिअरची तक्रार निम्म्या वेळा ग्रेडची नसते. हे आधी करा, पैसे लागत नाहीत.

क्लच लिव्हरच्या टोकाला किती मोकळी चाल आहे ते बघा. बहुतेक कम्युटर गाड्यांना १० ते २० मिलिमीटर सांगितलेली असते. त्याहून जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, प्लेटा किंचित घासत राहतात, आणि तेल तापून पातळ झाल्यावर ती ओढ गिअरला जाणवते. न्यूट्रल न लागण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. केबल कोरडी पडली असेल, आतली तार तुटायला आली असेल, तरी हीच लक्षणं दिसतात.

मग तेलाची पातळी. गाडी सपाट जागेवर मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबा. डिपस्टिक काढून पुसा आणि घाला. हिरो आणि होंडाच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक न फिरवता, नुसती टेकवून माप घ्यायचं असतं. आटे बसवून घेतलं तर पातळी आहे त्याहून जास्त दिसते. ज्यांना काचेची खिडकी आहे त्यांची गाडी सरळ उभी धरून बघायची. साइड स्टँडवर घेतलेलं माप कोणत्याच गाडीचं खरं नसतं.

पातळी खालच्या खुणेच्या आसपास असेल तर उन्हाळ्याची तक्रार तिथेच सापडली. शंभर सीसीच्या इंजिनात तेल असतं एक लिटरच्या आत-बाहेर. त्यातलं दोनशे मिलिलिटर कमी झालं तर उरलेल्या तेलाला तेवढीच उष्णता वाहायची असते, तेही जास्त वेळा फिरून. ते जास्त तापतं आणि लवकर मरतं. अशा वेळी त्याच ग्रेडचं तेल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि पुढचे पाचशे किलोमीटर लक्ष ठेवा. पुन्हा उतरलं तर गळती किंवा रिंग-व्हॉल्व्ह सीलचा प्रश्न आहे, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का बघा. जाड तेल घालून तो धूर कमी होतो हे खरं, पण त्याने रिंगा नव्या होत नाहीत.

तिसरी गोष्ट तेलाचं वय. कारच्या तेलापेक्षा मोटारसायकलच्या तेलावर जास्त अन्याय होतो, कारण तेच तेल गिअरच्या दातांमध्येही दळलं जातं. तेलात दाटपणा टिकवण्यासाठी घातलेल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तिथे तुटतात आणि तेल आपोआप पातळ होतं. साडेदहा सेंटीस्टोकचं तीस ग्रेड तीन हजार किलोमीटरनंतर ९.३ च्या खाली आलं असेल, तर डबीवरचा तीस आता फक्त डबीवर आहे. म्हणून "ऑइल बदललं की गिअर मऊ झाले" हा अनुभव सगळ्यांना येतो, आणि नेमकं त्याच वेळी ग्रेडही बदललेला असल्यामुळे श्रेय वीसडब्ल्यू-पन्नासला जातं. ताजं तीस ग्रेड घातलं असतं तरी पहिल्या दिवशी गिअर तितकेच मऊ लागले असते.

आणि इंजिनच्या बाहेरची माती बघा. पावसाळ्यात शेतातून आलेली काळी माती सिलिंडरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये बसते, उन्हाळ्यात वाळून घट्ट होते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला या पंख्यांशिवाय दुसरा आधार नाही. ओल्या चिखलात रोज फिरणाऱ्या गाडीच्या पंख्यांच्या मधली जागा निम्मी बुजलेली दिसते. इंजिन थंड असताना पाणी आणि ब्रशने ती साफ करा, मग तेलाबद्दल बोलू. एअर फिल्टरही त्याच दिवशी. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि गाडीवाटेच्या धुळीत तो मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या फार आधी भरतो, आणि फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ तेलात उतरून पिस्टन-रिंगा घासते. कोणत्याही ब्रँडचं तेल त्यावर उपाय नाही.

उन्हाने किती फरक पडतो, आकड्यात

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात बाहेरची हवा १५ अंशांनी तापली, तर त्याच वेगाला आणि त्याच ओझ्याला तेलही साधारण तेवढंच जास्त तापतं. जानेवारीच्या दुपारी ३० अंश आणि मेच्या दुपारी ४५ असा हिशोब धरू. ३० अंशांत तेल १०० ला स्थिरावत असेल तर ४५ मध्ये ते ११५ ला जाईल.

बाजारातल्या नेहमीच्या १०डब्ल्यू-३० चा दाटपणा १०० अंशांना साडेदहाच्या आसपास असतो. ११५ ला तो पावणेआठच्या आसपास येतो. चाळीस ग्रेडचं तेल १०० ला चौदा धरलं तर ११५ ला दहाच्या जवळ येतं. म्हणजे मे महिन्यातलं चाळीस हे जानेवारीतल्या तीसइतकंच दाट. आपल्या भयंकर उन्हाळ्याची किंमत एका ग्रेडइतकी आहे. दोन ग्रेडची नाही. पन्नास ग्रेड त्याच ११५ अंशांना साडेबारा-तेराच्या आसपास राहतं, म्हणजे तीस ग्रेडसाठी बनवलेल्या इंजिनाला ऐन उन्हाळ्यातही गरजेपेक्षा दाट.

आणि तीस ग्रेड सांगणाऱ्या कंपनीने उन्हाळा धरलेलाच नाही असंही समजू नका. ही इंजिनं भारतातच विकायला बनवलेली आहेत. पट्ट्यांमध्ये थोडी जागा राखलेली असते. ती जागा जुनं तेल, कमी पातळी, मातीने भरलेले पंखे आणि मागे दोन क्विंटलचं ओझं अशी सगळी मिळून खातात.

थंडीची बाजूही बघून घ्या, कारण खानदेशात ती विसरली जाते. डिसेंबर-जानेवारीत धुळे, नंदुरबारकडे पारा दहाच्या खाली जातो, कधी पाच-सहापर्यंतही उतरतो, तोरणमाळला त्याहून थंड. "डब्ल्यू"चा आकडा मात्र फार खालच्या तापमानासाठी आहे: १०डब्ल्यू ची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. म्हणजे आपल्या थंडीत दोन्ही तेलांवर गाडी सुरू होणारच. फरक पडतो तो सुरू झाल्यावर तेल वर कॅमपर्यंत पोचायला लागणाऱ्या वेळात. १० अंशांच्या सकाळी २०डब्ल्यू-५० हे १०डब्ल्यू-३० पेक्षा साधारण तिप्पट दाट असतं, जवळजवळ काकवीच. मॅन्युअलने पन्नास सांगितलेल्या इंजिनाचा पंप त्यासाठीच आहे. शंभर सीसीच्या छोट्या पंपाला ते खेचायला वेळ लागतो, आणि थंड इंजिन सुरू झाल्याबरोबर अॅक्सिलरेटर पिळायची सवय असेल तर झीज तिथेच होते. किक जड लागणं हे त्याचंच बाहेरचं लक्षण.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा यावल तालुक्यातली शंभर सीसीची गाडी आहे. रोज सकाळी दुधाचे दोन कॅन घेऊन भुसावळपर्यंत, दुपारी केळीच्या बागेतून कच्च्या रस्त्याने फेऱ्या, बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू-३०, एसएल, एमए. मार्चमध्ये सर्व्हिसिंगला २०डब्ल्यू-५० घातलं. मे अखेरीस पुन्हा गिअर जड, अॅव्हरेज लिटरमागे तीन-चारने कमी, आणि आता चढावर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही.

शेवटचं लक्षण नवीन आहे, ते आधी. मोकळ्या सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण पिळा. इंजिनचा आवाज झपकन चढला आणि वेग त्याच्या मागे रेंगाळत राहिला तर क्लच घसरतोय. आधी दोन कारणं तपासायची. लिव्हरला मोकळी चालच उरलेली नाही, किंवा ओतलेलं तेल एमए नव्हतं. पहिलं दहा मिनिटांत तपासून होतं. दुसऱ्यासाठी बाटली मागा. गॅरेजमध्ये मोठ्या ड्रममधून सुटं तेल घातलं असेल तर बाटली नसतेच, आणि मग त्यात काय होतं हे कुणीच सांगू शकत नाही.

इथे कारच्या आणि ट्रॅक्टरच्या तेलाचाही हिशोब करू, कारण शेतकऱ्याच्या घरी ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० नेहमी असतं. कारच्या तीस आणि त्याखालच्या ग्रेडच्या तेलात इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं असतात. क्लच घसरवायला सगळ्यात नामी तेच. डिझेल इंजिनाच्या तेलात ती सहसा नसतात, त्यामुळे "मी ट्रॅक्टरचं टाकलं, काही झालं नाही" हे सांगणारा खोटं बोलत नसतो. पण त्या तेलात राख सोडणारे घटक जास्त असतात, ते पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर साचतात, आणि क्लचच्या बाबतीत त्याची कुणी हमी घेतलेली नसते. अडचणीत, गावापासून लांब पातळी खूपच उतरली असेल तर शंभर मिलिलिटर घालून घरी यावं. पूर्ण भरून फिरू नये.

आपल्या उदाहरणातल्या गाडीची मोकळी चाल १५ मिलिमीटर निघाली, म्हणजे ठीक. म्हणून तेल काढायचं. गाडी पाच मिनिटं चालवून कोमट करा, खाली पसरट भांडं ठेवा, १७ च्या पान्याने ड्रेन बोल्ट सोडा. तेल धारेने उतरल्यावर गाडी दोन्ही बाजूंना जरा कलती करा. निघालेलं तेल मापाच्या बाटलीत ओतून मोजा, हे सहसा कुणी करत नाही. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात: तेल बदलताना लागणारं, आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर लागणारं. पहिला आकडा लहान असतो, कारण ड्रेन केल्यावरही शंभर-दोनशे मिलिलिटर आत चिकटून राहतं. आपल्याला पहिला आकडा हवा. बाटली एक लिटरची आहे म्हणून एक लिटर ओतलं तर पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते, फिरणारी क्रँक तेल घुसळून फेस करते, फेसाळ तेल उष्णता नीट वाहत नाही आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं. फिल्टरच्या डब्यात तेल सापडलं तर आधी हाच संशय घ्या. दुकानात ८०० आणि ९०० मिलिलिटरच्या बाटल्या याच कारणासाठी ठेवलेल्या असतात.

उतरलेल्या तेलाकडे बघा. काळं असणं दोष नाही, तेल मळ धरतंय एवढाच त्याचा अर्थ. बोटांमध्ये चोळल्यावर खरखर लागली तर धूळ, म्हणजे एअर फिल्टर. ऊन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली तर धातू. दुधाळ तपकिरी असेल तर पाणी, आणि ते बहुधा पावसाळ्यात नाल्यातून गाडी घातल्यावर दिसतं. तसं असेल तर नवीन तेल घालून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं लागतं. बोल्टचा वॉशर चपटा झाला असेल तर नवीन घाला आणि बोल्ट आवळताना पान्यावर लटकू नका. अॅल्युमिनियमचे आटे गेले की पुढचा खर्च तेलाच्या कितीतरी पट असतो. या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांत कागदी फिल्टर नसतो, उजव्या झाकणाआड फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर आणि जाळी असते. झाकण उघडल्याशिवाय ती साफ होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहून जाते. मिस्त्रीला ती एकदा उघडायला सांगाच. आत काळ्या मलमासारखा थर सापडतो आणि नवीन तेल पहिल्या दिवसापासून त्यातूनच फिरत असतं.

आता काय भरायचं? मॅन्युअलमध्ये तक्ता नसेल, एकच ग्रेड असेल, तर १०डब्ल्यू-३०, एसएल किंवा वरचं, एमए किंवा एमए२. ओझं आणि कमी वेग जास्त असल्यामुळे मिनरलऐवजी सेमी-सिंथेटिक किंवा सिंथेटिक तीस घ्या. ते उष्णतेत कमी सडतं आणि बहुधा दाटपणाही जास्त दिवस टिकवतं. मॅन्युअलच्या तक्त्यात चाळीसची रेघ असेल, तर मार्च अखेरीला १०डब्ल्यू-४० भरून पावसाळ्यानंतरच्या सर्व्हिसिंगला परत तीसवर यावं. तक्त्यात नसेल तर वॉरंटीतल्या गाडीत चाळीस घालू नका. वॉरंटी संपलेल्या, चाळीस-पन्नास हजार किलोमीटर झालेल्या आणि थोडं तेल पिणाऱ्या इंजिनात एक पायरी वर जाण्याला आमची हरकत नाही. दोन पायऱ्यांना आहे.

नवीन तेलावर शंभर-दीडशे किलोमीटर चालवा आणि घसरण्याची तीच चाचणी पुन्हा करा. प्लेटांमध्ये मुरलेलं चुकीचं तेल तेवढ्यात धुऊन निघालं तर उत्तम. तरीही घसरत असेल तर प्लेटा काढून जाडी मोजावी लागेल. घसरून जळलेल्या प्लेटा काळ्या-चकचकीत दिसतात आणि त्यांना वास येतो. त्या तेल बदलून परत येत नाहीत.

उलट बाजूची चूकही खानदेशात होते, पण कमी. मॅन्युअलने २०डब्ल्यू-५० सांगितलेल्या इंजिनात "अॅव्हरेज वाढतं" म्हणून १०डब्ल्यू-३० घातलं, तर लालिंग किंवा कन्नडच्या घाटात टॅपेटचा आवाज वाढतो आणि पातळी भराभर उतरते. तिथे इलाज मॅन्युअलकडे परत जाणं हाच.

बदलायचं अंतर: मॅन्युअलमध्ये धुळीच्या, जास्त ओझ्याच्या किंवा थोड्या-थोड्या अंतराच्या वापरासाठी वेगळी टीप असते, आणि वरचं उदाहरण त्या टिपेत पूर्ण बसतं. अशा वापरात मिनरल तेल अडीच हजारांवर बदललेलं चांगलं. शहरात, एकट्याने, पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मॅन्युअलचं नेहमीचं अंतर पुरतं. तिथे लवकर बदलून काही मिळत नाही.

ब्रँड

वरच्या तिन्ही गोष्टी जुळणारं तेल सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ, शेल, मोटुल, वीडॉल अशा कोणाचंही असो, चालतं. गाडीच्या कंपनीच्या नावाचं तेलही तेल कंपन्यांकडूनच बनवून घेतलेलं असतं. वॉरंटीत असताना तेच घेतलेलं सोपं, वाद होत नाही. नंतर आमची पसंती अशी की जे तेल तुमच्या गावाजवळ वर्षभर, खात्रीच्या ठिकाणी, तुम्हाला हव्या त्याच ग्रेडमध्ये मिळतं ते घ्या. सरकारी तेल कंपन्यांची तेलं त्यांच्या पेट्रोल पंपावर मिळतात, आणि तालुक्याच्या गावाबाहेर ती सोय महत्त्वाची आहे. रातोरात ब्रँड बदलल्याने काही बिघडत नाही. दोन ब्रँडचं एमए तेल पातळी भरण्यापुरतं मिसळलं तरी चालतं. फक्त ग्रेड मिसळून "मधला" ग्रेड बनवायच्या नादी लागू नका.

बनावट मालाची भीती मात्र खरी आहे. बाटलीच्या मागच्या बाजूला जासोची दोन भागांची चौकट असते, वर संकेतक्रमांक आणि खाली एमए किंवा एमए२. नुसतं "मोटारसायकलसाठी" असं लिहिलेलं आणि ही चौकट नसलेलं तेल ठेवून द्या. झाकणाखालची कडी तुटलेली नसावी, आतलं फॉइल पूर्ण चिकटलेलं असावं, बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना पुसट नसावा, आणि बाटलीवरचा व झाकणाजवळचा छापा एकमेकांशी जुळावा. छापील किमतीपेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर शंका घ्या. तेल भरून झालं की रिकामी बाटली गॅरेजमध्ये ठेवू नका, झाकण आणि फॉइल फाडून बाटलीला चिरा पाडा. बनावट तेल भरायला खऱ्या बाटल्याच लागतात.

जुनं तेल एखाद्या फुटक्या नसलेल्या डब्यात गोळा करून गॅरेजमधल्या जुन्या तेलाच्या ड्रममध्ये द्या. ते साखळीला लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण त्यात क्लचचा आणि धातूचा बारीक चुरा असतो आणि वरून धूळ चिकटते, त्यामुळे साखळी आणि स्प्रॉकेट दोन्ही लवकर जातात. साखळीला ९० नंबरचं गिअर ऑइल वापरा. आणि टाकीखाली किंवा सीटखाली एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, किलोमीटर, ग्रेड, जासो, किती मिलिलिटर. पुढच्या एप्रिलमध्ये गिअर पुन्हा जड झाले तर पहिला प्रश्न "आत काय आहे" हाच असणार आहे.